वर्षाचे उत्पन्न, चार तिमाह्या आणि पंचांग

उत्पन्नाचे वार्षिक उद्दिष्ट म्हणजे येत्या १२ महिन्यांत खर्च वजा जाऊन हातात किती रक्कम उरली पाहिजे, हे आधी ठरवलेला आकडा. नोकरदाराच्या बाबतीत हा आकडा बहुतेक पगारच ठरवतो. स्वतःचा धंदा असणाऱ्याला मात्र तो स्वतः ठरवावा लागतो आणि वर्षभर त्याच्या मागे राहावे लागते. वर्ष हा त्यासाठी फार लांबचा पल्ला आहे. मार्चमध्ये कळलेली तूट भरून काढायला वेळ उरत नाही. महिना उलट फार तोकडा पडतो, कारण एखादा सण किंवा घरचे आजारपण आले की महिन्याचा आकडा वरखाली होतो आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून तिमाही सोयीची ठरते. एप्रिल ते जून, जुलै ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते डिसेंबर आणि जानेवारी ते मार्च असे आर्थिक वर्षाचे चार भाग धरले जातात.

वर्षाच्या आकड्याला चारने भागले की तिमाहीचे उद्दिष्ट मिळाले, असे बऱ्याच जणांना वाटते. हंगामी धंद्यात नेमकी हीच चूक महागात पडते. महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावात ब्लाउज शिवणाऱ्या बाईचा हिशेब मांडला की ते स्पष्ट होते. या धंद्यात सगळी मदार दोन हातांवर असते आणि गिऱ्हाईक पंचांग पाहून येते. पुढचे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, तारखा मात्र २०२६-२७ या वर्षाच्या खऱ्या आहेत.

आधी गरज, मग ताकद

उद्दिष्टाची सुरुवात घरखर्चापासून होते. या घराला शिवणकामातून महिन्याला २२,००० रुपये लागतात, म्हणजे वर्षाला २,६४,०००. जुने मशीन बदलून नवे घ्यायचे आहे, त्यासाठी ३६,००० बाजूला पडावेत अशी इच्छा आहे. एकूण ३,००,०००. गेल्या वर्षी हाती उरले होते २,१०,०००.

हे ३ लाख गल्ल्यात आलेले नव्हेत, खर्च जाऊन उरलेले आहेत. दुकानाचे भाडे, वीज आणि मशीनची दुरुस्ती हा खर्च काम असो वा नसो, होतोच. तो वर्षाला ६६,००० धरला, तर कामातून ३,६६,००० सुटायला हवेत.

आता प्रत्येक नगामागे काय सुटते ते पाहायचे. अस्तराच्या साध्या ब्लाउजची शिलाई ४५० रुपये. त्यातून अस्तर, दोरा, हूक आणि हातशिलाई करणाऱ्या मदतनीस बाईची मजुरी मिळून ११० जातात, ३४० सुटतात. पॅड, लेस, लटकन असा भारी ब्लाउज १,२०० रुपयांना जातो आणि ३०० खर्च वजा करून ९०० सुटतात. वरवर पाहता भारी ब्लाउज फारच फायद्याचा दिसतो. पण साधा ब्लाउज बेतून शिवायला २ तास लागतात आणि भारी ब्लाउजला ५. तासाचा हिशेब केला की साध्याचे १७० आणि भारीचे १८० पडतात. दोन्ही मिळून सरासरी सुमारे १७२ रुपये. या धंद्यात विकला जातो तो वेळ, म्हणून उद्दिष्टही तासांत मोजावे लागते.

दुकान दिवसाला ८ तास उघडे असले, तरी मापे घेणे, फिटिंग पाहणे आणि गिऱ्हाइकाशी बोलणे यांत २ तास जातात. मशीनवर ६ तास मिळतात. महिन्याचे २५ दिवस धरले, तर १५० तास होतात आणि वर्षाचे १,८००. हंगामात रात्री बसून महिन्याला २०० तासांपर्यंत ताणता येते, मंदीत मात्र १०० तासही भरत नाहीत. गेल्या वर्षी प्रत्यक्षात भरले १,६००.

जुन्या दराने ३,६६,००० सुटायचे, तर सुमारे २,१२० तास काम लागेल. एवढे तास वर्षात नाहीतच. म्हणजे ३ लाखांचे उद्दिष्ट जुन्या दराने कितीही कष्ट केले तरी गाठता येणार नाही आणि हे वर्ष सुरू होण्याआधीच कळते. दर वाढवले, साधा ब्लाउज ५०० आणि भारी १,३५०, तर तासाला अनुक्रमे १९५ आणि २१० सुटतात, सरासरी २००. तरीही १,८३० तास लागतात. मंदीचे महिने ध्यानात घेता तेही जमणारे नाही.

जमेल असा आकडा मग उलट बाजूने काढायचा. गेल्या वर्षीच्या १,६०० तासांत रिकाम्या आठवड्यांत मिळवता येतील असे ५० तास घातले, १,६५० झाले. २०० रुपयांनी ३,३०,००० सुटतील आणि ६६,००० खर्च जाऊन २,६४,००० उरतील. घरखर्च भागतो, मशीन या वर्षी बसत नाही. उद्दिष्ट २,६४,००० ठरते आणि मशीनचा विचार कर्जाने किंवा पुढच्या वर्षी करायचा, हा निर्णय मार्चऐवजी एप्रिलमध्येच होतो.

तिमाही पाडताना पंचांग

गेल्या वर्षीचे, म्हणजे २०२५-२६ चे, १,६०० तास तिमाहीवार असे पडले होते: पहिल्या तिमाहीत ४७०, दुसऱ्या ४२०, तिसऱ्या ३८० आणि चौथ्या ३३०. याच प्रमाणात नवे वर्ष वाटावे असे वाटणे साहजिक आहे. पण इंग्रजी तिमाही जागची हलत नाही आणि सण हलतात.

२०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि नवरात्र २२ सप्टेंबरला बसले. गौरी-गणपतीचे आणि नवरात्राचे ब्लाउज दुसऱ्याच तिमाहीत शिवून गेले. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात असल्यामुळे तिचेही बरेच काम सप्टेंबरमध्ये हातात आले होते. २०२६ मध्ये अधिक महिना आहे. १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ. त्यामुळे पुढचे सगळे सण सुमारे १९ दिवसांनी लांबतात. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते. सप्टेंबरच्या अखेरपासून १० ऑक्टोबरपर्यंत पितृपक्ष आहे आणि त्या पंधरवड्यात नवे कापड शिवायला टाकणारे कमीच. म्हणजे गेल्या वर्षी दुसऱ्या तिमाहीत आलेले नवरात्राचे काम या वर्षी तिसऱ्या तिमाहीत जाणार.

पहिल्या तिमाहीवर याहून मोठा परिणाम होतो. अधिक महिन्यात लग्ने होत नाहीत, त्यामुळे ऐन लग्नसराईत महिनाभराचा खंड पडतो. धोंड्याच्या महिन्यात जावई-लेकीला जेवायला बोलावतात, लेकीला साडी घेतात, त्यामुळे काम अगदीच थांबत नाही. पण त्या साडीमागे एखादा साधा ब्लाउज येतो. लग्नघरातून एकदम पंधरा-वीस ब्लाउज येतात, त्याची बरोबरी होत नाही. निज ज्येष्ठ १६ जूनला लागतो, तेव्हा राहिलेली काही लग्ने जूनअखेर आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात होतात. त्यांचा थोडा लाभ दुसऱ्या तिमाहीला मिळतो.

हे सगळे धरून नवी वाटणी अशी होते: पहिली तिमाही ४०० तास, दुसरी ४००, तिसरी ५०० आणि चौथी ३५०. रुपयांत ८०,०००, ८०,०००, १,००,००० आणि ७०,०००. प्रत्येकीतून १६,५०० ठरलेला खर्च वजा केला की हाती उरतात ६३,५००, ६३,५००, ८३,५०० आणि ५३,५००.

घरखर्च मात्र दर तिमाहीला ६६,००० असाच राहतो. म्हणजे पहिल्या दोन तिमाह्यांत अडीच-अडीच हजार कमी पडणार, तिसरीत १७,५०० जास्त उरणार आणि चौथीत १२,५०० कमी पडणार. वर्षाचा मेळ बरोबर बसतो, पण दोन गोष्टी आधीच कळतात. एप्रिलला सुरुवात करताना ५,००० रुपये गाठीशी हवेत. आणि दिवाळीत हाती खेळणाऱ्या पैशांतले १२,५०० जानेवारी ते मार्चसाठी बाजूला ठेवायला हवेत. सरळ चारने भागणाऱ्याला दिवाळीतला हा पैसा वरकमाई वाटतो, आणि फेब्रुवारीत ओढाताण होते.

तिमाहीच्या आतही महिने सारखे धरत नाहीत. पहिल्या तिमाहीचे ४०० तास एप्रिल १६०, मे १३० आणि जून ११० असे पाडले की अधिक महिना जिथे पडतो तिथे तो दिसतो.

आठवड्याचे तीन आकडे

आढावा म्हणजे ठरावीक दिवशी, ठरावीक आकडे, त्याच वहीत लिहिणे. दुकान बंद असते त्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे पुरतात. आकडे तीनच असावेत.

पहिला, आठवड्यात पूर्ण होऊन गिऱ्हाइकाच्या हाती गेलेले काम. ११ साधे आणि २ भारी ब्लाउज गेले, तर २२ आणि १० मिळून ३२ तास. इथे घड्याळ लावायचे नाही, नगामागे ठरवलेलेच तास धरायचे. एखादा ब्लाउज उसवून पुन्हा शिवावा लागला तर त्याचे जादा तास मिळत नाहीत आणि मिळूही नयेत, कारण त्याचे पैसे मिळत नाहीत.

दुसरा आकडा प्रत्यक्ष आलेल्या पैशांचा. त्यात आगाऊ घेतलेली रक्कम वेगळी लिहावी. लग्नाच्या २० ब्लाउजांचे ३,००० रुपये आधी मिळाले की आठवडा जोरात गेल्यासारखा वाटतो, पण ते पैसे अजून न केलेल्या कामाचे असतात. उलट काम देऊन पैसे राहिले असतील, तर ती उधारी नावासकट लिहायची. कमाई झाली पण पैसा आला नाही, ही अवस्था फक्त कमाईचा आकडा पाहून कळत नाही.

तिसरा आकडा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे: हातात असलेले पण अजून न शिवलेले काम, तासांत. झालेली कमाई मागचे सांगते, हातातले काम पुढचे. एप्रिलच्या मध्याला ९० तासांचे काम पडून असेल आणि मेच्या पहिल्या आठवड्यात ते ४० तासांवर आले असेल, तर उरलेले काम आठवडाभरात संपणार हे उघड आहे. गल्ला त्या आठवड्यातही भरलेलाच असतो, म्हणून या आकड्याशिवाय मंदीची चाहूल लागत नाही. तेव्हाच जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून मुहूर्ताची वाट न पाहणारे काम मागता येते. घट्ट झालेले ब्लाउज ढिले करून देण्याचे ७० रुपये मिळतात आणि २० मिनिटे लागतात. साहित्य जवळपास लागत नाही. तासाला २१० पडतात, म्हणजे नव्या ब्लाउजपेक्षा कमी नाहीत. हा आकडा फार चढला तरी तो इशाराच असतो. दिवाळीआधी हातातले काम उरलेल्या दिवसांत मावत नसेल, तर दारावर ऑर्डर बंद झाल्याची पाटी लावण्याची वेळ हा आकडा सांगतो. पाटी उशिरा लागली की काम वेळेवर जात नाही आणि कायमचे गिऱ्हाईक तुटते.

तिमाहीअखेरचा हिशेब

आठवड्याला फक्त नोंद होते. निर्णय तिमाहीच्या शेवटी घ्यायचे असतात आणि त्यासाठी पाऊण तास शांतपणे बसावे लागते. समजा, जूनअखेर ३६० तासांचे काम गेले आणि ६६,६०० रुपये सुटले. उद्दिष्ट ८०,००० होते, म्हणजे १३,४०० ची तूट. एवढ्यावर थांबले तर निष्कर्ष एकच निघतो, की आणखी मेहनत हवी. तुटीचे दोन भाग केले की वेगळेच दिसते.

तास ४० कमी पडले, २०० रुपयांनी त्याचे ८,००० होतात. उरलेल्या ३६० तासांना २०० ऐवजी १८५ सुटले, तासामागे १५ रुपये कमी, त्याचे ५,४००. दोन्ही मिळून बरोबर १३,४००. पहिल्या भागाचे कारण बाहेरचे आहे. अधिक महिन्याचा फटका अंदाजापेक्षा जास्त बसला. दुसरा भाग घरचा आहे. वही पाहिली की नेहमीच्या गिऱ्हाइकांना संकोचापोटी जुन्याच दराने शिवून दिल्याचे आढळते. त्यावर रात्री जास्त बसणे हा उपाय नव्हे. दरपत्रक भिंतीवर लावणे आणि १ जुलैपासून ते सर्वांना सारखे लागू करणे हा आहे.

या तुटीचे पुढे काय करायचे, हा खरा कसोटीचा प्रश्न. बहुतेक जण १३,४०० ला तीनने भागून उरलेल्या तिमाह्यांवर टाकतात. पण मे महिन्यात न आलेला लग्नाचा ब्लाउज ऑगस्टमध्ये शिवायला येत नाही, तो दुसऱ्या कुणीतरी शिवलेला असतो किंवा ते लग्नच पुढच्या वर्षावर गेलेले असते. दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत मागणीच मर्यादित असल्याने तिथे जादा तास लिहिण्यात अर्थ नाही. तिसरीत मागणी भरपूर असते, तिथे फार तर ५०० चे ५२० तास होतील, म्हणजे ४,००० रुपये. उरलेले ९,४०० या वर्षी भरून येणार नाहीत. वर्षाचा सुधारित आकडा २,५४,६००.

तो पहिल्या आकड्याशेजारी लिहायचा, पहिला खोडायचा नाही. मूळ २,६४,००० तसाच राहिला तरच अंदाज किती आणि कशामुळे चुकला हे पुढच्या एप्रिलला समजते. आकडा बदलण्याची मुभाही तिमाहीअखेरच असावी. दर आठवड्याला उद्दिष्ट खाली आणले, तर ते नेहमीच गाठले जाते आणि निरुपयोगी ठरते. ९,४०० ची कात्री घरखर्चात कुठे लावायची, हे जुलैमध्ये ठरवले तर ती नऊ महिन्यांवर पसरते आणि महिन्याला हजारभर रुपयांवर भागते.

दुसऱ्या तिमाहीचा आढावा घेताना तुलनेतला सापळा टाळावा लागतो. ३० सप्टेंबर २०२६ ला काम गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा कमीच दिसणार, कारण त्या वर्षी नवरात्र सप्टेंबरमध्ये होते. अशा वेळी सणाला सण लावून पाहावे: गौरी-गणपतीचे काम गेल्या गौरी-गणपतीशी, नवरात्राचे गेल्या नवरात्राशी. अधिक महिना साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो, म्हणून तीन वर्षांच्या वह्या जपून ठेवल्या की त्यात एक तरी अधिक महिना सापडतो.

ही पद्धत कुठे लागू पडते, कुठे नाही

धंद्याचे एकक बदलले तरी मांडणी तीच राहते. शिकवणी घेणाऱ्याचे एकक विद्यार्थी आणि तास, फराळ करणाऱ्या बाईचे किलो, भाषांतरकाराचे शब्द. उत्पन्न करपात्र असेल, तर तिमाही आढाव्याच्या तारखा सरकारच ठरवून देते. वर्षाचा देय कर १०,००० किंवा त्याहून जास्त होत असल्यास आगाऊ कराचा १५ टक्के भाग १५ जूनपर्यंत, एकूण ४५ टक्के १५ सप्टेंबरपर्यंत, ७५ टक्के १५ डिसेंबरपर्यंत आणि पूर्ण रक्कम १५ मार्चपर्यंत भरायची असते. अनुमानित पद्धतीने उत्पन्न दाखवणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला ती एकरकमी १५ मार्चपर्यंत भरता येते. अशांनी तिमाहीचा आढावा या तारखांच्या आठवडाभर आधी ठेवला की दोन्ही कामे एका बैठकीत होतात.

ज्याचे सगळे उत्पन्न वर्षातून एक-दोनदाच हाती येते, अशा शेतकऱ्याला मात्र उत्पन्नाची तिमाही पाडता येत नाही. कांदा किंवा सोयाबीन विकले जाईपर्यंत त्याच्या दोन तिमाह्या कोऱ्याच जातात. त्याने तिमाहीवार खर्च बांधावा आणि पीक हाती आल्यावर वर्षाचे पैसे चार भागांत ठेवावेत. ज्याच्याकडे मागच्या वर्षाची नोंदच नाही, त्यानेही वार्षिक आकडा ठरवण्याची घाई करू नये. पहिली तिमाही नुसती वही लिहावी, नगामागचे तास आणि सुटणारे पैसे काढावेत आणि जुलैपासून उरलेल्या नऊ महिन्यांचे उद्दिष्ट बांधावे.